दीर्घ विनावेतन रजा: सेवा अखंड राहते, मग वेतनवाढ आणि उपदान कुठे अडते?

नवी दिल्ली : घरातील वृद्धांची शुश्रूषा, परदेशी बदली झालेल्या जोडीदाराची सोबत, मुलांचे आजारपण किंवा पुढील शिक्षण, अशा कारणांसाठी वर्ष-दोन वर्षे नोकरीपासून दूर राहण्याची वेळ अनेक कर्मचाऱ्यांवर येते. खात्यावरील अर्जित रजा तोवर संपलेली असते आणि मग विनावेतन रजेचा अर्ज केला जातो. अर्ज करताना बहुतेकांच्या मनात दोनपैकी एक समजूत असते. पगार तेवढा बुडेल, बाकी नोकरी जशीच्या तशी राहील, ही पहिली. अशा रजेने सेवेत खंड पडतो आणि मागची सारी वर्षे वाया जातात, ही दुसरी. या दोन्ही समजुती अर्धवट आहेत.

याचे कारण नियमांच्या रचनेत आहे. सेवेचे सातत्य, वार्षिक वेतनवाढ, ज्येष्ठता आणि उपदान म्हणजेच ग्रॅच्युइटी, या चार गोष्टींचा हिशेब चार वेगवेगळ्या वह्यांत मांडला जातो. रजेचा तोच काळ एका वहीत पूर्ण मोजला जातो, तर दुसरीत मुळीच धरला जात नाही. कोणत्या वहीत काय होणार, हे बहुतांशी मंजुरी आदेशातील एक-दोन शब्दांवर अवलंबून असते. ते शब्द आदेश निघण्यापूर्वी पाहिले तर बदलता येतात, नंतर बदलणे अवघड होते.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे उदाहरण घेतल्यास ही गुंतागुंत सर्वांत स्पष्ट दिसते. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधील नियम ३२ नुसार मिळणाऱ्या विनावेतन रजेला ‘असाधारण रजा’ म्हणतात. दुसरी कोणतीही रजा शिल्लक नसेल तेव्हा ती देता येते. अन्य रजा शिल्लक असूनही कर्मचाऱ्याने लेखी मागणी केली, तरी ती देता येते. या रजेचे वेतन मिळत नाही आणि ती रजेच्या खात्यातून वजाही होत नाही. मात्र कोणतीही रजा हा हक्क नाही, हे त्याच नियमांत नमूद आहे. कार्यालयाच्या निकडीनुसार ती नाकारली जाऊ शकते. जे कायम सेवेत नाहीत त्यांना वैद्यकीय प्रमाणपत्राविना एका वेळी सर्वसाधारणपणे तीन महिन्यांपर्यंतच ही रजा मिळते. विशिष्ट आजार किंवा अभ्यासक्रम यांसाठी त्याहून अधिक मुदतीची तरतूद आहे.

सातत्य कुठे तुटते?

सक्षम प्राधिकाऱ्याने मंजूर केलेली असाधारण रजा म्हणजे सेवाखंड नव्हे. रजा दोन वर्षांची असली तरी कर्मचारी सेवेतच असतो आणि आधीची व नंतरची सेवा एकच धरली जाते. धोका रजेत नसतो, रजेच्या शेवटच्या दिवसानंतर सुरू होणाऱ्या काळात असतो.

मुदतवाढीचा अर्ज पाठवला म्हणजे रजा वाढली, असे अनेकजण गृहीत धरतात. प्रत्यक्षात मंजुरी हाती येईपर्यंतची गैरहजेरी अनधिकृत ठरू शकते. अशा गैरहजेरीबद्दल शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. काही वेळा तो काळ ‘डाइज नॉन’ ठरवला जातो. याचा अर्थ असा की त्यामुळे मागची सेवा तुटत नाही, पण तो काळ सेवा म्हणून मोजलाही जात नाही. प्राधिकाऱ्याने रीतसर सेवाखंडाचा आदेश काढल्यास परिणाम याहून गंभीर होतो, कारण खंडाआधीच्या सेवेवरचे हक्कच धोक्यात येतात. सुटकेची एक वाट नियमात आहे. विनापरवानगी गैरहजेरीचा काळ मागील तारखेपासून असाधारण रजेत रूपांतरित करण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. तो अधिकार मात्र प्राधिकाऱ्याच्या विवेकावर सोपवलेला आहे, कर्मचाऱ्याला तो मागणीचा हक्क म्हणून वापरता येत नाही.

आणखी एक सीमा पाच वर्षांची आहे. नियम १२ नुसार कोणत्याही प्रकारची रजा सलग पाच वर्षांहून अधिक देता येत नाही. रजेसह अथवा रजेविना सलग पाच वर्षांपेक्षा जास्त काळ कामावर नसलेल्या कर्मचाऱ्याने राजीनामा दिला, असे मानले जाते. तत्पूर्वी त्याला आपली बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते आणि अपवादात्मक परिस्थितीत राष्ट्रपतींच्या नावे वेगळा निर्णयही होऊ शकतो. परंतु सरकारी सेवेतील राजीनाम्याने आधीच्या सेवेवरील हक्क बुडतात. त्यामुळे परदेशात राहून रजा वर्षावर्षाने वाढवून घेणाऱ्यांनी पाचव्या वर्षाची तारीख विसरून चालत नाही.

परदेशी जाणाऱ्यांच्या बाबतीत नियम १३ ही दुर्लक्षित राहतो. रजेवर असताना पूर्वपरवानगीशिवाय अन्यत्र नोकरी किंवा खासगी व्यवसाय करता येत नाही. रजा विनावेतन आहे, म्हणून या काळात कमाईला मोकळीक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

वेतनवाढ: प्रमाणपत्र कोणाचे?

वेतनवाढीची वही अधिक कडक आहे. मूलभूत नियम २६ नुसार कर्तव्यावरचा काळ आणि इतर रजा वेतनवाढीसाठी मोजल्या जातात. असाधारण रजा मात्र वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतलेली असेल तरच मोजली जाते. अन्य कारणासाठी घेतलेली असाधारण रजा वगळली जाते. रजेचे कारण कर्मचाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते किंवा रजा उच्च वैज्ञानिक व तांत्रिक शिक्षणासाठी होती, अशी खात्री पटल्यास तो काळ वेतनवाढीसाठी धरण्याचा विशेष आदेश सरकार देऊ शकते.

सर्वाधिक गैरसमज याच ठिकाणी होतो. नियमातील वैद्यकीय प्रमाणपत्र कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या आजाराचे असते. आईच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे किंवा मुलाच्या उपचारांचा अहवाल अर्जाला जोडला, तर त्यामुळे रजा मंजूर होण्यास मदत होईल, पण ती ‘वैद्यकीय प्रमाणपत्रावरील’ रजा होत नाही. रुग्णालयाचे कागद फाइलमध्ये असूनही वेतनवाढ का थांबली, या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच सापडते.

याचा आकड्यांतील परिणाम एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. एका केंद्रीय कार्यालयातील कर्मचारी वयाच्या ३१ व्या वर्षी वेतन स्तर ६ मध्ये रुजू झाली. सुरुवातीचे मूळ वेतन ३५,४०० रुपये होते. आठ वेतनवाढींनंतर ते सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यानुसार ४४,९०० रुपये झाले. आठवी वेतनवाढ मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने वडिलांच्या शुश्रूषेसाठी दोन वर्षांची असाधारण रजा घेतली. ती कामावर राहिली असती तर या काळात मूळ वेतन ४६,२०० आणि नंतर ४७,६०० रुपये झाले असते. रजेवरून परतल्यावर मात्र ते ४४,९०० रुपयेच राहील.

दरमहा २,७०० रुपयांची ही तफावत एकदाच सोसून संपत नाही. तक्त्यातील दोन पायऱ्यांचे अंतर पुढेही कायम राहते आणि वेतन वाढते तसे रकमेतही रुंदावते. पदोन्नती बाजूला ठेवून त्याच तक्त्यात दहा वर्षे पुढे गेले तर ६४,१०० ऐवजी ६०,४०० रुपये, म्हणजे ३,७०० रुपयांचा फरक दिसतो. महागाई भत्ता मूळ वेतनावर मिळत असल्याने त्यातही घट होते. नव्या वेतन आयोगाने आकडे बदलले तरी मागे राहिलेल्या दोन पायऱ्या आपोआप भरून निघत नाहीत. तीच कर्मचारी स्वतःच्या आजारासाठी, रीतसर वैद्यकीय प्रमाणपत्रावर तेवढीच रजा घेती, तर यातील एकही पायरी हुकली नसती.

सहा-आठ महिन्यांच्या रजेत हिशेब थोडा नाजूक होतो. वार्षिक वेतनवाढीसाठी किमान सहा महिन्यांची पात्र सेवा लागते. त्यामुळे रजा एखादा आठवडा आधी संपवल्याने वेतनवाढ वाचू शकते आणि एखादा आठवडा लांबवल्याने ती पुढे ढकलली जाऊ शकते. पुढील वेतनवाढीची तारीख १ जानेवारी की १ जुलै, आणि नियोजित रजेनंतर ती कोणती राहील, हे आस्थापना शाखेकडून लेखी घेतल्याशिवाय रजेच्या तारखा ठरवणे शहाणपणाचे नाही.

ज्येष्ठता आणि पदोन्नती एक नव्हेत

ज्येष्ठतेबाबत भीती जास्त आणि नुकसान कमी, असे चित्र आहे. केंद्रीय सेवेत संवर्गातील ज्येष्ठता निवडीच्या क्रमावरून ठरते, किती दिवस काम केले यावरून ठरत नाही. त्यामुळे मंजूर रजेमुळे ज्येष्ठता यादीतील क्रमांक खाली सरकत नाही. कनिष्ठ सहकारी दोन वर्षे अधिक काम करूनही त्या कारणाने वर जात नाही.

पदोन्नतीवर परिणाम होतो तो वेगळ्या वाटेने. पदोन्नती समिती वार्षिक कार्यमूल्यमापन अहवाल पाहते आणि प्रतिवेदन अधिकाऱ्याच्या हाताखाली वर्षात किमान तीन महिने काम झाले नसेल तर त्या वर्षाचा अहवाल लिहिला जात नाही. अहवाल नसलेल्या वर्षांऐवजी समिती त्याआधीच्या वर्षांचे अहवाल विचारात घेते. वरील उदाहरणात दोन वर्षे कोरी राहिल्याने समितीची नजर आणखी दोन वर्षे मागे जाईल. तेथे एखादा सामान्य शेऱ्याचा जुना अहवाल असेल, तर एरवी हिशेबाबाहेर गेलेले ते वर्ष पुन्हा पुढ्यात येईल. म्हणून रजेवर जाण्यापूर्वी गेल्या सहा-सात वर्षांचे आपले अहवाल एकदा वाचून पाहणे उपयोगाचे ठरते.

रजेच्या काळात पदोन्नतीचा आदेश निघाला तर नव्या पदाचा कार्यभार घेतल्यावरच त्या पदाचे वेतन सुरू होते. आदेशातील मुदतीत रुजू होणे शक्य नसल्यास मुदत वाढेल की संधी जाईल, हे संवर्ग पाहणाऱ्या कार्यालयाला आधीच विचारणे योग्य. परिविक्षाधीन कर्मचाऱ्यांनी तर अधिकच जपून पाऊल टाकावे, कारण दीर्घ रजेमुळे परिविक्षेचा ठरलेला काळ प्रत्यक्षात पूर्ण झाला नाही, तर तो रजेइतका वाढवला जाऊ शकतो.

सुधारित सुनिश्चित प्रगती योजनेचा नियम मात्र येथे अनपेक्षितपणे उदार आहे. पदोन्नती न मिळालेल्यांना १०, २० आणि ३० वर्षांच्या नियमित सेवेनंतर वरचा वेतन स्तर देणाऱ्या या योजनेत, सक्षम प्राधिकाऱ्याने मंजूर केलेली सर्व प्रकारची रजा नियमित सेवेत धरली जाते. उदाहरणातील कर्मचारी आठ वर्षे काम आणि दोन वर्षे रजा असा काळ पूर्ण करून परतेल, तेव्हा तिची दहा वर्षांची नियमित सेवा झालेली असेल. अहवालांची विहित प्रतवारी असल्यास ती पहिल्या स्तरवाढीस पात्र ठरेल. तीच दोन वर्षे वेतनवाढीच्या वहीत शून्य आणि स्तरवाढीच्या वहीत पूर्ण, असा हा प्रकार आहे. तरीही नवे वेतन ठरताना आधार ४४,९०० रुपयांचाच राहतो, हे लक्षात घ्यावे लागते.

उपदानावर दुहेरी परिणाम

केंद्रीय कर्मचाऱ्याला निवृत्तीच्या वेळी मिळणारे उपदान अर्हताकारी सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहामाहीसाठी शेवटच्या वेतनाच्या एक चतुर्थांश इतके असते. येथे वेतन म्हणजे मूळ वेतन आणि त्यावरील महागाई भत्ता. किमान पाच वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. उपदानाची कमाल मर्यादा वेतनाच्या साडेसोळा पट, आणि १ जानेवारी २०२४ पासून २५ लाख रुपये आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत असलेल्यांनाही २०२१ च्या स्वतंत्र नियमांनुसार याच पद्धतीने उपदान मिळते.

कोणती असाधारण रजा अर्हताकारी, याचे उत्तर वेतनवाढीच्या नियमाशी मिळतेजुळते आहे. वैद्यकीय प्रमाणपत्रावरील रजा मोजली जाते. नागरी अशांततेमुळे कामावर येता न आल्यास किंवा उच्च शिक्षणासाठी रजा घेतली असल्यास नियुक्ती प्राधिकारी ती मोजण्यास अनुमती देऊ शकतो. ही अनुमती रजा मंजूर करतानाच द्यायची असते. शिक्षणासाठी रजा घेणाऱ्याने मंजुरी आदेशात ‘हा कालावधी अर्हताकारी सेवा म्हणून धरण्यात यावा’ असे वाक्य नसल्यास तेव्हाच पाठपुरावा करावा, निवृत्तीच्या उंबरठ्यावर नव्हे. कौटुंबिक कारणासाठीची रजा सर्वसाधारणपणे वगळली जाते.

वरील उदाहरणातील कर्मचारी वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त होईल तेव्हा रजेसह तिची सेवा २९ वर्षांची, म्हणजे ५८ सहामाहींची होईल. रजा घेतली नसती तर शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून एक लाख रुपये झाले असते, असे सोयीसाठी मानू. मग उपदान वेतनाच्या साडेचौदा पट, म्हणजे १४,५०,००० रुपये झाले असते. रजेची दोन वर्षे वगळल्यावर २७ वर्षे, म्हणजे ५४ सहामाही उरतात आणि पट साडेतेरा होते. शिवाय तीन टक्क्यांच्या दोन वेतनवाढी हुकल्याने शेवटचे वेतन सुमारे ९४,२६० रुपये असेल. त्यानुसार उपदान साधारण १२,७२,५०० रुपये भरते. सुमारे १,७७,५०० रुपयांच्या या घटीपैकी एक लाख रुपये सेवेची वर्षे कमी धरल्यामुळे गेले आणि उरलेले ७७,५०० रुपये वेतनाचा पाया खाली राहिल्यामुळे गेले. दुसरा भाग अर्ज करताना कोणाच्या ध्यानातही येत नाही.

ज्यांची एकूण सेवा लांब आहे त्यांना पहिल्या भागाची झळ लागत नाही. उपदानासाठी जास्तीत जास्त ६६ सहामाही, म्हणजे ३३ वर्षेच मोजली जातात. वयाच्या २५ व्या वर्षी लागलेल्याची सेवा ३५ वर्षे होते. त्यातून दोन वर्षे वगळली तरी ३३ उरतात आणि पट तीच राहते. उशिरा नोकरीस लागलेल्यांना मात्र अशी उसंत नसते. एकात्मिक निवृत्तिवेतन योजना निवडलेल्यांनीही हा हिशेब मांडून पाहावा, कारण त्या योजनेत पूर्ण दराच्या निवृत्तिवेतनासाठी २५ वर्षांची अर्हताकारी सेवा लागते आणि त्याहून कमी सेवेला प्रमाणशीर रक्कम मिळते.

राज्य सरकारांचे नियम स्वतंत्र आहेत. महाराष्ट्रात १९८१ चे नागरी सेवा नियम लागू असून त्यांतही असाधारण रजेची तरतूद आहे. बँका, विद्यापीठे आणि सार्वजनिक उपक्रम यांची नियमावली वेगळी असते. त्यामुळे दुसऱ्या खात्यातील सहकाऱ्याचा अनुभव आपल्याला लागू पडेलच, असे नाही.

खासगी क्षेत्र आणि सोलापूरचा खटला

खासगी आस्थापनांत वेतनवाढीसंबंधी असा सर्वांना लागू होणारा कायदा नाही. नियुक्तिपत्र, कंपनीचे रजा धोरण आणि मूल्यमापनाची पद्धत यांवरच ती ठरते. उपदानाला मात्र कायद्याचे संरक्षण आहे आणि विनावेतन रजेच्या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्रातून जातो.

सोलापूरच्या लक्ष्मी विष्णू टेक्स्टाइल मिल्सच्या कामगारांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ११ फेब्रुवारी १९८१ रोजी न्यायालयाने तत्कालीन व्याख्येचा अर्थ लावताना म्हटले की ज्या वर्षांत कामगाराने प्रत्यक्ष २४० दिवस काम केलेले नाही, त्या वर्षांचे उपदान त्याला मिळणार नाही. निकाल कामगारांच्या विरोधात गेला, पण त्याने कायद्यातील उणीव उघड केली. संसदेने १९८४ मध्ये उपदान प्रदान कायदा, १९७२ मध्ये कलम २-अ घातले आणि ते निकालाच्या तारखेपासूनच, म्हणजे ११ फेब्रुवारी १९८१ पासून लागू केले.

या कलमाने व्याख्येचा क्रम बदलला. आजारपण, अपघात, रजा, टाळेबंदी, कामगाराचा दोष नसलेली कामबंदी अशा कारणांनी काम थांबले तरी सेवा सलग धरली जाते. ‘रजा’ या शब्दापुढे ‘पगारी’ असे विशेषण नाही. विनापरवानगी गैरहजेरीनेही सातत्य आपोआप तुटत नाही. त्यासाठी स्थायी आदेश किंवा नियमांनुसार सेवाखंडाचा रीतसर आदेश निघालेला असावा लागतो. २४० दिवसांची कसोटी त्यानंतर येते. पहिल्या व्याख्येत जो बसत नाही, त्याला आधार देण्यासाठी ती आहे. या कसोटीसाठी दिवस मोजताना मात्र रजेपैकी पूर्ण वेतनाची अर्जित रजा आणि विहित मर्यादेतील प्रसूती रजाच धरली जाते, विनावेतन रजा धरली जात नाही. मंजूर विनावेतन रजेच्या वर्षाला थेट २४० दिवसांची कसोटी लावून ते वर्ष वगळणारा हिशेब हाती आला, तर क्रम उलटा लावला गेला आहे, असे समजून त्यावर लेखी हरकत घ्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत उपदानाचा विषय समाविष्ट झाला आहे आणि सलग सेवेची ही मांडणी तिथेही कायम आहे.

रकमेतील फरक साध्या गुणाकाराने कळतो. कायद्यानुसार प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचे वेतन मिळते आणि महिन्याचे दिवस २६ धरले जातात. उपदानास पात्र वेतन ५२,००० रुपये असेल तर एका वर्षाचे उपदान ३०,००० रुपये होते. दहा वर्षांच्या नोकरीत एक वर्षाची मंजूर रजा असेल आणि मालकाने ती वगळली, तर तीन लाखांऐवजी २,७०,००० रुपये हाती पडतील. नोकरी जेमतेम पाच वर्षांची असेल तर प्रश्न रकमेचा राहत नाही, पात्रतेचाच होतो.

खासगी क्षेत्रातील खरा सापळा वेगळा आहे. ‘आता राजीनामा द्या, वर्षभराने पुन्हा घेऊ’ असा प्रस्ताव काही ठिकाणी तोंडी दिला जातो. ती रजा नव्हे. राजीनाम्याने जुनी सेवा संपते, तिचा हिशेब तेव्हाच होतो आणि परतल्यावर उपदानाची पाच वर्षे पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाऊ शकतात. कारखान्यांच्या स्थायी आदेशांत रजा संपल्यावर आठ दिवसांत हजर न झाल्यास पदावरील हक्क जाण्याची तरतूदही आढळते. रजेपूर्वी तो कागद मागून वाचावा.

अर्जापूर्वी काय विचारावे?

विचारणा तोंडी न करता लेखी करावी आणि ती अर्जाच्या आधी करावी, कारण रजा सुरू झाल्यावर कर्मचाऱ्याची बाजू मांडणारे कार्यालयात कोणी उरत नाही. रजा कोणत्या नियमाखाली मंजूर होईल, ती वैद्यकीय प्रमाणपत्रावरील धरली जाईल की अन्य, मंजुरीचा अधिकार कोणाला आहे, आणि हा काळ वेतनवाढीसाठी व अर्हताकारी सेवेसाठी मोजला जाईल का, यांची उत्तरे आधी हवीत. स्वतःचा आजार हेही खरे कारण असेल तर ते मागाहून सांगण्यात अर्थ नसतो. प्रमाणपत्र मूळ अर्जासोबतच जाणे आवश्यक असते. शिल्लक अर्जित आणि अर्धवेतनी रजा आधी वापरल्यास तेवढा काळ वेतनवाढ व उपदान दोन्हींत मोजला जातो, त्यामुळे शिल्लक राखून थेट असाधारण रजा मागण्यापूर्वी दोन्ही मार्गांची तुलना करावी. असाधारण रजेच्या काळात नवी अर्जित रजाही जवळजवळ साठत नाही, कारण सहामाहीच्या १५ दिवसांतून असाधारण रजेचा एक दशांश भाग, कमाल १५ दिवसांपर्यंत, वजा होतो.

मुदतवाढ लागण्याची शक्यता असल्यास अर्ज किती दिवस आधी करायचा आणि उत्तर न आल्यास काय, हेही विचारून ठेवावे. उत्तर आले नाही तर ठरलेल्या तारखेला रुजू होऊन मग पुन्हा रजा मागणे त्रासदायक असले तरी सुरक्षित असते. गृहकर्जाचे हप्ते आणि गटविम्याची वर्गणी पगारातून कापली जात असेल, तर ती रजेच्या काळात कशी भरायची, याचीही नोंद करून घ्यावी.

परतल्यावर पहिले काम सेवापुस्तक पाहण्याचे. रजेच्या तारखा, मंजुरी आदेशाचा क्रमांक, रजेचे स्वरूप आणि ती अर्हताकारी आहे की नाही, ही नोंद तेथे असावी आणि ती आदेशाशी जुळावी. तिची प्रत घरी ठेवावी. केंद्रीय नियमांनुसार सेवेची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा निवृत्तीपूर्वी पाच वर्षे, कार्यालयप्रमुखाने अर्हताकारी सेवेची पडताळणी करून ती कर्मचाऱ्याला कळवायची असते. त्या पत्रातील वर्षांच्या आकड्यातून रजेची वर्षे वगळली आहेत का, आणि वगळली असल्यास कोणत्या आदेशानुसार, हे तेव्हाच तपासून हरकत नोंदवता येते.